सोळा मिलिमीटर

मोहित्यांना एका जागी पाच मिनिटं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे जळाऊ लाकडं रचून ठेवत, त्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा होती. खोलीची लांबी अकरा फूट. त्या अकरा फुटांत हा माणूस दिवसभर येरझारा घालायचा. सूक्ष्मदर्शकात बघतानाही एक पाय हलत असायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, "मोहिते, तुम्हाला खुर्ची दिली आहे ती शोभेला का?" तर म्हणाले, "खुर्चीवर ट्रे ठेवतो ना." आणि खरंच ट्रे ठेवलेला होता.

धाकू सोनू मोहिते, मूळ गाव पालीच्या आत तीन मैल. वडिलांनी सत्तावन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी पोराला मुंबईला नेलं. वडील तिकडे एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय होते. पोरगा तिथल्याच जीवाणू विभागात बाटल्या धुवायला लागला. बाटल्या धुता धुता त्या बाटल्यांतून काय वाढतं हे बघायला लागला, मग रात्रशाळा, मग टेक्निशियनची परीक्षा. पंधरा-सोळा वर्षं मुंबईत काढून, आई एकटी पडली म्हणून ते परत आले आणि आमच्या या धर्मादाय इस्पितळात रुजू झाले. मी आलो एक्याऐंशीत, पुण्याहून एम.डी. होऊन, डोक्यात हवा घेऊन. तेव्हा जिल्ह्याच्या गावात रक्तातले जंतू वाढवून दाखवणारा माणूस भेटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो भेटला, आणि मी पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर ओरडलो. रिपोर्टला तीन दिवस का लागतात, म्हणून.

"जंतूंना घाई नसते, डॉक्टर," ते म्हणाले. स्वतः मात्र ते वाक्य बोलताना दारातून खिडकीपर्यंत जाऊन परत आले होते.

जंतू वाढवायचे तर काचेच्या प्लेटवर रक्त घातलेलं अगार, म्हणजे जेलीसारखं खाद्य, लागतं, आणि रक्त मेंढीचं लागतं. माणसाचं चालत नाही असं नाही, पण त्यात कुणी काय औषध घेतलेलं असेल याचा भरवसा नसतो. कोकणात मेंढी मिळणार कुठे? मोहित्यांनी आंबा घाटापलीकडच्या एका धनगराकडून मेंढा आणला आणि इस्पितळाच्या विहिरीमागे बांधला. पावसाळ्यात तो मेंढा इतका कष्टी दिसायचा की बाहेर बसलेले पेशंट त्याचीच विचारपूस करायचे. मोहिते पंधरवड्यातून एकदा त्याच्या मानेतून थोडं रक्त काढत, काचेचे मणी घातलेल्या बाटलीत ते हलवत राहत, म्हणजे गुठळी होत नाही. हलवणं हे काम त्यांच्या प्रकृतीला फार मानवायचं.

पण त्यांचा खरा जीव दोन प्लेटांत होता. एकीवर लिहिलेलं असे 'भिवा', दुसरीवर 'मी'. भिवा हा मांडवीचा एक म्हातारा, एकोणऐंशी साली न्यूमोनियाने आमच्याकडे आला आणि बरा होऊन गेला. त्याच्या थुंकीतून निघालेला न्यूमोकॉकस मोहित्यांनी तेव्हापासून जिवंत ठेवला होता. हा जंतू नाजूक, दर दोन-तीन दिवसांनी नव्या प्लेटवर न्यावा लागतो, नाहीतर आपोआप विरघळून मरतो. म्हणून मोहिते कुठल्याही लग्नाला मुक्कामी राहत नसत. बायको म्हणायची, ह्यांना माझ्याहून भिवाच जास्त लाडका. 'मी' म्हणजे मोहित्यांच्या स्वतःच्या घशातला व्हिरिडान्स जातीचा जंतू. तो तुमच्या माझ्या सगळ्यांच्या तोंडात असतो, आणि तोंडात असेतो निरुपद्रवी असतो. रक्ताच्या प्लेटवर भिवा आणि 'मी' दोघंही सारखेच हिरवट डाग पाडतात. पाहून ओळखायला जावं तर भले भले फसतात. कुठलीही नवी चाचणी किंवा मुंबईहून आलेली औषधी चकत्यांची नवी बाटली आधी या दोघांवर चालवून बघायची, मगच पेशंटला लावायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

पंच्याऐंशी सालच्या फाल्गुनात तुळसा आली. पालीच्याही पलीकडच्या एका कुणबीवाडीतली, वय सव्वीस. नवरा मुंबईला एका खानावळीत कामाला. तिला तीन आठवडे बारीक ताप होता, रात्री घाम, आणि आठवडाभर खोकला. सोबत भाऊ रघू. मी छातीला नळी लावली. उजवीकडे खाली थोडी खरखर ऐकू आली. हृदयातही एक कुरकुर होती, पण ती तिला लहानपणी सांधे सुजले होते तेव्हापासूनची, असं तिच्याच जुन्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. मी न्यूमोनिया लिहिलं आणि पेनिसिलिन सुरू करायला सांगितलं. त्याआधी मोहित्यांनी तिच्या हातातून तीन वेळा, तासातासाच्या अंतराने रक्त काढून तीन बाटल्या भरल्या.

पेनिसिलिनने ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. तुळसा उठून बसली आणि तिने पहिली गोष्ट विचारली ती घरी जायची. शिमगा आठवड्यावर आला होता. पालखी यंदा तिच्या दारात यायची होती, नवरा सुट्टी काढून येणार होता, आणि घरी सासू एकटी.

"ओटी कोन भरनार?" ती म्हणाली. "सासूला उठवत नाय. मला सोडा हो डॉक्टर."

मी म्हटलं, बघू, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे.

तिन्ही बाटल्या गढूळ झाल्या. प्लेटवर नेल्यावर हिरवट डाग पडले. सूक्ष्मदर्शकात न्यूमोकॉकससारख्या जोड्याही दिसत होत्या आणि व्हिरिडान्ससारख्या आखूड माळाही. म्हणजे भिवाचा भाऊबंद की 'मी'चा, हे ठरायचं होतं.

हा फरक नुसता नावाचा नव्हता. न्यूमोकॉकस असेल तर तो फुप्फुसातून रक्तात आलेला, दहा-बारा दिवसांच्या औषधाने जाणार. तुळसाला उरलेल्या गोळ्या देऊन घरी पाठवता येत होतं. पण जुन्या कुरकुरीच्या बाईच्या तिन्ही बाटल्यांत व्हिरिडान्स निघाला, तर तो तिच्या हृदयाच्या झडपेवर घर करून बसलेला असणार. मग सहा आठवडे रोज इंजेक्शनं. मध्येच सोडलं तर ताप उतरल्यासारखा वाटतो, बाई घरी जाते, आणि महिनाभरात झडप फाटते किंवा गुठळी मेंदूत जाऊन बसते.

मोहित्यांनी रक्त काढतानाच तिच्याशी गप्पा मारल्या होत्या. मला म्हणाले, "डॉक्टर, दोन महिन्यांमागे पालीला दाढ काढली म्हणते. तोंडातला जंतू रक्तात जायला तेवढं पुरतं."

"मोहिते, तुम्ही जंतू बघा, पेशंट मी बघतो," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

त्या दिवशी दुपारी बाराला त्यांनी चाचणी लावली. प्लेटवर जंतू पसरायचा आणि मध्ये ऑप्टोचिन या औषधात भिजवलेली कागदाची चिमुकली चकती ठेवायची. न्यूमोकॉकस या औषधाला भितो, चकतीभोवती वाढत नाही, स्वच्छ वर्तुळ सुटतं. व्हिरिडान्स चकतीला चिकटून वाढतो, किंवा फार तर लहानसं वर्तुळ सोडतो. ही प्लेट नुसत्या हवेत ठेवायची नसते. मोहित्यांकडे बिस्किटवाल्याकडून घेतलेली मोठी काचेची बरणी होती. आत प्लेटा, सगळ्यात वर रिकाम्या बशीत मेणबत्तीचा तुकडा. मेणबत्ती पेटवायची, झाकणाच्या कडेला व्हॅसलिन लावून ते घट्ट बसवायचं. मिनिटभरात ज्योत आपोआप विझते आणि आत हवा तेवढा कार्बन डायऑक्साईड साठतो. विझलेली पाहायची आणि मगच बरणी इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. ज्योत मिनिटभरच जळत असल्याने एक तुकडा त्यांना महिना महिना पुरायचा.

चार वाजता मोहिते मेंढ्याला पाला आणायला गेले होते. मी त्यांच्या खोलीत शिरलो. मला चैन पडत नव्हतं. तुळसाने सकाळपासून तीनदा विचारलं होतं, रघू माझ्या खोलीच्या दारात उभा राहून बिड्या फुंकत होता, आणि मलाच ते उत्तर हवं होतं. मी इन्क्युबेटर उघडला, बरणी काढली, झाकण उघडलं आणि प्लेट उजेडात धरली. चार तासांत काय दिसणार? प्लेट कोरी होती. हे एम.डी. झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. मी सगळं होतं तसं ठेवलं, मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं. कडेचं व्हॅसलिन माझ्या बाहीला पुसलं गेलं होतं. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. ज्योत विझायची वाट न बघता मी बरणी आत ढकलली आणि गेलो. संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो.

सकाळी नऊला मोहित्यांनी प्लेट काढली. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होतो. हिरवट पसाऱ्यात चकतीभोवती गोल स्वच्छ वर्तुळ होतं. त्यांनी प्लेट उलटी करून पट्टी लावली.

"सोळा."

चौदा आणि त्यापुढे न्यूमोकॉकस, हे गणित त्यांनीच मला शिकवलं होतं. मी तिथून तडक वॉर्डात गेलो आणि तुळसाला म्हणालो, "जा घरी. पालखी नाचवा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रघूने दीडच्या गाडीचं नाव काढलं. मी डिस्चार्ज लिहिला, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

पंधरा मिनिटांत मोहिते वॉर्डात आले. हातात बरणीचं झाकण. त्याची आतली बाजू काजळीने काळी झाली होती.

"मेणबत्ती संपली आहे," ते म्हणाले. "बुडापर्यंत जळली. बशीत नुसतं मेण आहे. म्हणजे झाकण बसलेलं नव्हतं, रात्रभर आत उघडी हवा होती." त्यांनी वॉर्डात इकडे तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "काल बरणी कुणी उघडली होती का, डॉक्टर?"

चंपा सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन उभी होती. तुळसा गाठोडं बांधत होती. रघू माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. तो शब्द उच्चारायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

"मग माझ्याच हातून राहिलं असेल," मोहिते म्हणाले. "व्हॅसलिन लावलेलं आठवतंय, पण..." ते झाकणाची कड बोटाने चाचपत राहिले. "चौदाचा आकडा बरणीतल्या हवेचा आहे. उघड्या हवेत वर्तुळ फुगतं. व्हिरिडान्सचंसुद्धा फुगतं. हे सोळा धरता येणार नाहीत. हिला आज पाठवू नका."

"तुमची आठवण नीट नाही, म्हणून मी पेशंट अडकवून ठेवू?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "झाकण थोडं सैल असेल. सोळा म्हणजे सोळा. रिपोर्ट दिलाय तुम्ही."

मोहिते वळले आणि चालायला लागले. चालता चालता म्हणाले, "पित्तक्षारातून काढतो. दुपारपर्यंत होईल."

पित्तक्षाराची चाचणी ही पक्की गोष्ट. डीऑक्सिकोलेट नावाचा पित्तातला क्षार असतो. जंतूंच्या दाट गढूळ पाण्यात तो घातला की न्यूमोकॉकस अक्षरशः विरघळतो आणि पाणी नितळ होतं. व्हिरिडान्स ढिम्म राहतो. पण क्षाराची पुडी मुंबईहून यायची, बेताची असायची, म्हणून मोहिते ती वर्तुळ शंकास्पद आलं तरच वापरत. पुडीत आता चिमूटभर उरलं होतं.

मला वॉर्डात काम होतं, पण दर दहा मिनिटांनी माझे पाय त्या खोलीकडे वळत होते. साडेअकराला मी गेलो तेव्हा मोहिते खिडकीशी एक नळी धरून उभे होते. नळीत दही फाटल्यासारखे तुकडे तरंगत होते.

"काय झालं?"

"भिवा विरघळला नाही."

भिवा तर न्यूमोकॉकसच, सहा वर्षांचा ओळखीचा. तो विरघळत नसेल तर चाचणीच खोटी, तुळसाची नळी बघण्यात अर्थच नाही.

मोहिते खोलीत एक फेरी मारून आले, लिटमसचा कागद नळीत बुडवला. कागद लाल झाला. "साखर घातलेल्या मटणाच्या पाण्यात वाढवला होता मी भिवाला, कालच त्याची पाळी होती. साखर खाऊन त्याने आंबट केलं. आंबटात हा क्षार फाटतो." ते स्वतःवरच चिडले होते. "मुंबईला पहिल्या वर्षी शिकलो होतो हे. घाई केली." घाई हा शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारला, तरी मी दाराबाहेर बघितलं.

त्यांनी सगळं परत मांडलं. या वेळी तिन्ही जंतू प्लेटवरून खरवडून मिठाच्या पाण्यात कालवले, कागद लावून आंबट नाही ना ते पाहिलं, आणि प्रत्येकाच्या दोन दोन नळ्या केल्या. एकीत क्षार, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. भिवा, 'मी', तुळसा. सहा नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात, सदतीस अंशावर. सव्वाबारा वाजले होते.

दहाव्या मिनिटाला भिवाची क्षाराची नळी नितळली. पलीकडे पालीचा रस्ता दिसेल इतकी. 'मी'च्या दोन्ही नळ्या गढूळ. तुळसाच्याही दोन्ही गढूळ.

"बघा," मोहिते म्हणाले. "अजून दोन तास बघायचं. काही न्यूमोकॉकस सावकाश विरघळतात. दोन तासांच्या आत मी 'न्यूमोकॉकस नाही' असं म्हणणार नाही."

"गाडी दीडची आहे."

"म्हणून तर म्हणतोय, थांबवा तिला."

"कशाच्या जोरावर? सोळा आलेत, आणि नळीचं अजून ठरलेलं नाही, असं तुम्हीच म्हणता."

मोहित्यांनी डोक्याला हात लावला. "डॉक्टर, मला एवढंच ठाऊक असतं की बरणी उघडी राहिली, अगदी नक्की, तर मी सोळाचा कागद आत्ताच फाडला असता आणि तिच्या गाठोड्यावर बसलो असतो. पण मलाच आठवत नाही माझ्या हातून काय झालं. कदाचित मेणबत्तीच जुनी असेल. कदाचित मीच म्हातारा झालो." असं म्हणून ते परत फेऱ्या घालायला लागले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत होता, आणि त्याला संशयात ढकलणारा मी शेजारी उभा होतो.

पाऊण वाजला. मी वॉर्डात गेलो. खाट रिकामी होती. चंपा सिस्टर म्हणाली, स्टँडवर लवकर जातो म्हणाले, बसायला जागा मिळते. तुळसाने माझ्यासाठी टेबलावर चार कैऱ्या ठेवल्या होत्या.

मी परत आलो. एक वाजला. मी ट्रे उचलून खुर्चीवर बसलो, उठलो, परत बसलो. तुळसाच्या नळीआड मी माझं बोट धरून पाहिलं. दिसलं नाही. तीन आठवड्यांचा ताप. सांधे. दाढ. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या समोर होतं, आणि मी त्यावर न्यूमोनियाचं पांघरूण घातलं होतं. एक वाजून वीस मिनिटांनी माझ्या तोंडून निघालं.

"मोहिते, बरणी मी उघडली होती. काल चार वाजता. मेणबत्ती मी पेटवली. विझली की नाही ते बघितलं नाही."

मोहिते थांबले. मी त्यांना असं मध्येच थांबलेलं प्रथमच पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"मी सकाळी विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"सव्वादोनला नळ्या बघा. तोवर हलवू नका." त्यांनी चपला घातल्या आणि ते धावत गेले.

गाडी सुटली होती. हे मला नंतर कळलं. मोहिते स्टँडवरून नाक्यावर गेले, कोल्हापूरला मासळी नेणारा टेम्पो हात करून थांबवला, आणि बर्फाच्या पेट्यांवर बसून निघाले. पालीच्या बाजारात तुळसा आणि रघू उतरून वाडीच्या रस्त्याला लागायच्या बेतात होते.

मी मात्र खोलीत बसलो होतो. जागचा हलू शकत नव्हतो, कारण नळ्यांवर नजर ठेवायला सांगितलं होतं. त्या पंचावन्न मिनिटांत मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. मनात एक नालायक इच्छा मात्र सारखी येत होती, की तुळसाची नळी आता नितळावी, म्हणजे माझं खोटं कुणाला बाधणार नाही. सव्वादोन वाजले. भिवाची नळी पाण्यासारखी. तुळसाची क्षाराची नळी तिच्याच मिठाच्या नळीइतकीच गढूळ, आणि मोहित्यांच्या नळीइतकीच. मी तिन्ही खिडकीशी धरून पाहिल्या. शंकेला जागा नव्हती. व्हिरिडान्स.

पाचच्या सुमाराला ते तिघं आले. मोहित्यांच्या कपड्यांना बांगड्याचा वास येत होता. तुळसा दमली होती, रघू संतापला होता. त्याला मोहित्यांनी वाटेत काय सांगितलं होतं ते त्याच्या बोलण्यातून कळलं.

"तुमच्या लॅबवाल्याची चूक, आनि आमी दोन टायमाचं भाडं भरायचं?" तो मला म्हणाला. "ह्यो मानूस बोलतो, माझ्या खोलीत चूक झाली."

मी मोहित्यांकडे बघितलं. ते नळ्या बघायला खोलीकडे निघालेही होते. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी तुळसाची नळी उचलली, हलवली, ठेवली. मग नव्या प्लेटवर तोच जंतू पसरला, चकती ठेवली, मेणबत्ती पेटवली, व्हॅसलिन लावून झाकण दाबलं आणि ज्योत विझेपर्यंत बरणीसमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यात वर्तुळ दहा मिलिमीटर आलं, पण ते नंतरचं.

"मोहिते," मी म्हणालो, "मी चुकलो. मी तुमची..."

"बरणी उघडलीत त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मीही उघडतो कधी कधी. पण सकाळी हो म्हणाला असतात, तर ती गाडीत बसली नसती. मला कशाला सांगता? मी गाडीत नव्हतो. तिला सांगा."

वॉर्डात दिवे लागले होते. तुळसा खाटेवर पाय खाली सोडून बसली होती, गाठोडं अजून न सोडता. रघू भिंतीला टेकून उभा. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. चूक मोहित्यांची, तुमच्या धाकूदादांची नाही. बरणी मी उघडली. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. म्हणून तुला घरी पाठवलं. तुझ्या हृदयाच्या झडपेवर जंतू बसलाय, सहा आठवडे इथेच राहावं लागेल, रोज इंजेक्शनं घ्यावी लागतील. शिमग्याला जाता येणार नाही.

रघू काही बोलायला पुढे आला. तुळसाने हाताने त्याला अडवलं. तिने माझ्याकडे बघितलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सहा आठवडे?" तिने विचारलं.

"सहा."

"हे तुमी सांगताव," ती म्हणाली. "सकाळी घरी जा म्हनून पन तुमीच सांगितलंव." तिने गाठोड्याची गाठ सोडायला सुरुवात केली, मग थांबली. "तुमी नका सांगू, डॉक्टर. धाकूदादाना इचारून या. ते बोलतील तेवढं मी ऱ्हाईन."

मी उठलो. व्हरांडा ओलांडून मागच्या खोलीच्या दारात गेलो आणि पुण्याहून एम.डी. होऊन आलेल्या मी माझ्या टेक्निशियनला विचारलं की माझ्या पेशंटला किती दिवस ठेवायचं. मोहिते खोलीच्या पार त्या टोकाला होते. चालत या टोकाला आले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सहा आठवडे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चला, मी येतो सोबत."